नको म्हटलेलं नाव

७ जानेवारी, रविवार

ही डायरी औषधकंपनीच्या माणसानं डॉक्टरांसाठी आणलेली. एक उरली ती मोजणीमामांनी (आमच्या तळघराचे प्रमुख, दिवसभर नग मोजणारे) माझ्या अंगावर फेकली. म्हणाले, "लिही काहीतरी, भिंगरी. निदान बूड टेकून बसशील." सहावीनंतर लिहिलेलं म्हणजे सह्याच. तीन वर्षांत पाच नोकऱ्या झाल्या, म्हणून माझं नाव भिंगरी. ही सहावी. हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुतो, तपासतो, ट्रेमध्ये लावून वाफेच्या मशीनला देतो. नऊ महिने टिकलोय. मामा म्हणतात हा विक्रम आहे.

आईचा फोन. म्हणाली, येऊ नकोस एवढ्यात, भाड्याला उगाच पैसे जातील, मी मजेत आहे. मी म्हटलं बरं. रजा वाचली.

८ जानेवारी

आज एक नवीन बाई खाली आल्या. नवीन कसल्या, जुन्याच. वर ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, सिस्टर होत्या, मग आईला विस्मरणाचा आजार झाला म्हणून घरी बसल्या ते सात वर्षं. आई मागच्या वर्षी गेली. आता परत आल्यात. वरच्या थोरल्या सिस्टरांनी सांगितलं की आधी तीन दिवस तळघरात बसा, नवीन ट्रे कसे लागतात ते बघा, मग वर या.

पैलवान (आमच्यातला दांडगा, जड पेट्या उचलणारा) लगेच म्हणाला, "ह्या सातवर्षे बाई." नाव चिकटलं. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "सात वर्षं दोन महिने. पूर्ण सांगा." पैलवान पेटी उचलून चालता झाला.

मी ताई म्हणतो.

१० जानेवारी

ताईंना सगळं दाखवलं. घाण बाजू आणि स्वच्छ बाजू यांच्यामध्ये भिंत, भिंतीतच धुण्याचं मशीन, इकडून टाकायचं तिकडून काढायचं. ब्रश पाण्याच्या आत चालवायचा, वर नाही, नाहीतर शिंतोडे तोंडावर. प्रत्येक चिमट्याचा सांधा उघडून ठेवायचा, कारण रक्त तिथंच दडी मारतं. मग दिव्याच्या भिंगाखाली बघायचं. पूर्वी त्यांच्या वेळी सिस्टरच दुपारी हत्यारं धुवायच्या म्हणे. आता प्रत्येक ट्रेवर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल, मशीनला दाखवलं की कुणी धुतलं, कुणी लावलं, सगळं बाहेर येतं.

दुपारी डबा खाताना त्यांनी मला पुढं केला. मी म्हटलं नको. त्यांनी डबा मागं घेतला आणि जेवायला लागल्या! दुसऱ्यांदा विचारलंच नाही. मी उपाशी नव्हतो, पण असं असतं का कुठं? नको तर माणूस म्हणतोच.

मी हसत हसत बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या टेबलावर राहून सवय लागली बघ. तिथं एकानं मोजायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं. दोघांच्या तोंडून आलं की ते खरं. कुणी नको म्हटलं की त्याच्या मनात काय असेल ते शोधायला वेळ नसतो."

मी म्हटलं, "जेवण काय टेबलावर असतं का?"

"जेवण टेबलावरच असतं," म्हणाल्या आणि हसल्या. मग डबा परत पुढं केला. तेव्हा मात्र मी खरंच नको म्हटलं. आता खाल्लं तर मागून खाल्ल्यासारखं.

२ फेब्रुवारी

ताईंचं काय चाललंय ते कळलं. सात वर्षांत त्यांची नोंदणी संपलेली. ती पुरी परत मिळायची तर बारा आठवडे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, आणि तीस ऑपरेशनं, प्रत्येकावर थोरल्या सिस्टरांची सही. निळी वही आहे त्यासाठी. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनच दिवस, नुसतं बघायचं. मग बाहेरून सामान द्यायचं. मग हात धुऊन टेबलाला उभं राहायचं, थोरल्या सिस्टर डाव्या कोपरापाशी. मार्चअखेर तीस झाली नाहीत तर वॉर्डात जायचं, टेबल विसरायचं. आतापर्यंत सह्या सहा.

पैलवान म्हणाला, "परीक्षा पास होऊन म्हातारी झालेली बाई परत पहिलीत."

७ फेब्रुवारी

वर काहीतरी बिनसलं. लिफ्टमधून ट्रे आले आणि मागोमाग ताई जिन्यानं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. मी ब्रश थांबवला नाही, बघितलंही नाही. रडणाऱ्याकडं बघू नये.

मग आपणच सांगितलं. मिरची डॉक्टरांनी (तोंड तसंच, म्हणून) डास मागितला. डास म्हणजे बारीक चोचीचा चिमटा, रक्ताची बारीक नळी पकडायचा. पूर्वी तो ट्रेत उजवीकडं असायचा, आता डावीकडं तिसरा. ताईंचा हात उजवीकडं गेला. जे हाताला लागलं ते दिलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे घरचं फडताळ नाही."

"पोटाचं ऑपरेशन, नळीतून रक्त येतंय आणि मी शोधतेय. हात विसरले रे माझे. डोक्याला सगळं आठवतं, हातांना नाही." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या म्हणे, जरा थांबा, पेशंटचं प्रेशर बघायचं राहिलंय. प्रेशर बिशर काही नव्हतं. ताईंना अर्धं मिनिट मिळावं म्हणून. त्या अर्ध्या मिनिटात डास सापडला.

सही मिळाली नाही.

मी म्हटलं, ताई, मला नावंसुद्धा धड येत नाहीत, पण डोळे बांधून कुठलं हत्यार कुठलं ते सांगतो. हातांनी धुतो ना.

त्यांनी मान वर केली.

८ फेब्रुवारी

भंगाराचा ट्रे. जुनी हत्यारं धुऊन, वाफवून, सील लावून मागच्या खोलीत ठेवलीत, गाडी कधीतरी नेणार. सील तोडायचं नाही असा नियम. मी तोडलं. नवीन यादीप्रमाणं बेचाळीस हत्यारं ओळीनं लावली. वर टॉवेल. ताईंनी टॉवेलखाली हात घालायचा, मी यादीतलं नाव ओरडायचं, त्यांनी माझ्या तळहातावर द्यायचं. आंधळी कोशिंबीरच.

पहिल्या दिवशी बेचाळीसपैकी एकोणीस.

"हातात टाकायचं नाही," त्या स्वतःलाच बजावत होत्या, "हातात बसवायचं. त्यानं बघायची गरज पडता कामा नये." माझा तळहात लाल झाला. म्हटलं, मिरचीपेक्षा मीच बरा, निदान शिव्या देत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी सकाळी मामा पिवळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवतात. ट्रेमध्ये काही खोट निघाली की ओटीतून पिवळी चिठ्ठी येते. कात्री बोथट, सांधा कडक, एक नग कमी. ज्यानं लावलं त्याचं नाव घेऊन वाचतात, मग सगळे त्याच्याकडं बघतात. आज माझी एक होती, ओला पॅक. वाफ निघून गार व्हायच्या आत उचलला. बरोबर आहे, घाई केली. ओलं झालेलं कापड जंतूंना रस्ताच. मामा म्हणाले, "भिंगरी, मशीन तुझी वाट बघतं, तू मशीनची बघ."

दहा महिन्यांत एकदासुद्धा कुणाच्या कौतुकाची चिठ्ठी आलेली नाही. चिठ्ठीवर तसा रकानाच नाही. ट्रे नंबर, नग, दोष, काय करावे. संपलं.

कोशिंबीर रोज चालू. आता बेचाळीसपैकी चाळीस.

२ मार्च

ताईंच्या सह्या एकोणीस. आज जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "सगळं नीट पार पडलं तर शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आभार मानणार आहे. नुसतं सगळ्यांचे आभार असं नाही. कुणी काय केलं ते सांगून. तुझं पण."

मी म्हटलं, "नको नको ताई. माझं नाव कुठं घेऊ नका. सील तोडलंय म्हटल्यावर मामा मला उलटा टांगतील."

"नक्की नको?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली, मोजताना डोलावतात तशी.

खरं सांगायचं तर मामांची भीती होतीच. पण एवढी नव्हती.

१८ मार्च, रविवार

आईचा फोन. परत तेच. येऊ नकोस, घरात काय आहे बघण्यासारखं, मी आणि मांजर. मांजराला पिल्लं झालीत, चार. मी म्हटलं बरं बरं, नाही येत. मग बराच वेळ पिल्लांचं सांगत बसली. मला ड्यूटी होती, ठेवून दिला.

३० मार्च

झालं एकदाचं.

तिसावी सही परवाच मिळाली. आज ओटीच्या चहाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मामा, पैलवान, मी खालून गेलो. जागा नव्हती म्हणून मी दारातच. ताईंच्या हातात कागद.  

काय बोलल्या ते सगळं आठवतंय. थोरल्या सिस्टरांना म्हणाल्या, "बारा आठवडे तुम्ही माझ्या कोपरापाशी उभ्या होता. एकदाही माझ्या हातातून काही काढून घेतलं नाहीत. घ्यावंसं कितीदा वाटलं असेल मला माहिती आहे." भूलवाल्या डॉक्टरीणबाईंना, "ते प्रेशर बघायचं राहिलंच नव्हतं, मला कळलं होतं." सगळे हसले. बाहेरून सामान देणाऱ्या मावशींनी लेबलच्या मशीनचं कुठलं बटण आधी ते ग्लोव्हजच्या डब्यावर लिहून ठेवलं होतं, ते सांगितलं. मिरची डॉक्टरांचेसुद्धा आभार मानले, कारण त्या दिवसानंतर ते हत्यार मागायच्या आधी एक श्वास थांबायला लागले. मिरची खाली बघत चहा ढवळत बसले, साखर घातली नव्हती तरी. मामांना म्हणाल्या, तीन दिवस तळघरात जागा दिलीत.

मग कागदाची घडी घातली.

मी वाट बघत होतो. घडी उघडतील असं वाटलं. दारात होतो, माझ्याकडं बघितलं त्यांनी. अगदी सरळ बघितलं. आणि काही नाही.

पैलवान जिन्यात म्हणाला, "तुझं नाही घेतलं रे?" मी म्हटलं माझं काय घ्यायचंय.

हो, मीच नको म्हटलं होतं. माहिती आहे. पण नको म्हणायचं असतं म्हणून माणूस म्हणतो. अजून एकदा विचारायला काय जात होतं? तळहात माझाच लाल झाला ना. मावशींनी डब्यावर तीन ओळी लिहिल्या त्यांचं नाव, आणि मी सात आठवडे रोज जेवण अर्धं टाकून उभा.

२ एप्रिल

कळस झाला. आज ताईंचं एकटीचं पहिलं ऑपरेशन. ट्रे सतरा, मी लावलेला. संध्याकाळी ट्रे खाली आला, वर पिवळी चिठ्ठी. त्यांचं अक्षर, त्यांची सही. वर वर दिसलं, ट्रे १७, डास, ६. पुढं बारीक अक्षरात भरपूर लिहिलेलं. माझं डोकंच फिरलं. आभाराला नाव नाही आणि तक्रारीला एवढी लांबण!

वाचली नाही. ह्याच डायरीच्या प्लास्टिकच्या कव्हरात खुपसली. सोमवारी मामांनी ती मोठ्यानं वाचायची आणि पैलवानानं दात काढायचे, ते नको.

पण चिठ्ठी दडवणं वाईट. खरंच एखादा चिमटा बिघडला असेल तर? म्हणून सहाही डास भिंगाखाली धरले. टोकं जुळतात, सांधे मोकळे, दात शाबूत. कागद पकडून बघितला, निसटत नाही; दिव्यासमोर धरलं, फटीतून उजेड येत नाही. एकातही खोट नाही. म्हणजे तक्रारही खोटी.

५ एप्रिल

स्वच्छ ट्रे वर नेणाऱ्या लिफ्टपाशी ताई भेटल्या. हसून म्हणाल्या, "चिठ्ठी मिळाली?"

"मिळाली."

"मग? हो की नको, तेवढं सांग."

कसलं हो? चूक कबूल का, असं विचारतात वाटतं. माझ्या तोंडाला लगाम कुठला. म्हटलं, "नको. तुमच्याकडून काहीच नको."

"नको?"

"नको म्हटलं ना! सात वर्षं घरी बसलेल्या माणसाला आम्ही हात धरून चालायला शिकवायचं, आणि त्यानं आमच्याच पायात काठी घालायची. बसायची सवय आहे तर बसायचं होतं घरीच."

त्यांचं हसू गेलं नाही लगेच. तसंच राहिलं थोडा वेळ, दिवा विसरून चालू राहतो तसं. मग म्हणाल्या, "बरं. दोनदा म्हणालास." आणि गेल्या.

बोललो ते बोललो. मनातलं बोललो. तरी जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल

पैलवान म्हणाला सातवर्षे बाई दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या. तिथं कायमची जागा मिळाली, निळी वही बघूनच घेतलं. शुक्रवारी शेवटचा दिवस होता. खाली येऊन मामांना भेटून गेल्या म्हणे. मी घाण बाजूला होतो. भिंतीच्या पलीकडं.

भंगाराची गाडी आली. मामांनी तुटलेलं सील बघितलं. माझ्याकडं बघितलं. "बेचाळीस आहेत ना?" म्हटलं, आहेत. "मोजले आणि आहेत म्हणजे आहेत," म्हणाले आणि सही केली. बस्स, एवढंच. ह्याचीच मला भीती होती.

२४ एप्रिल

कव्हर फाटलं. चिठ्ठी खाली पडली.

वाचायला वेळ लागला. जसं आहे तसं इथं उतरवतो.

ट्रे नंबर: १७.
नग: डास, ६.
दोष: नाही. सहाही सांधे पाण्यासारखे चालतात. आज एकटी होते. डॉक्टरांनी डास मागितला तेव्हा मी ट्रेकडं बघितलंही नाही. हात आपणहून डावीकडं तिसऱ्यावर गेला. हा हात हा ट्रे लावणाऱ्यानं मला परत दिला, जेवणाची सुट्टी सोडून, टॉवेलखाली. शुक्रवारी त्याचं नाव घेतलं नाही, कारण तो नको म्हणाला होता. तेव्हापासून मला चैन नाही.
काय करावे: ही चिठ्ठी सोमवारी सगळ्यांसमोर वाचावी, पण आधी त्याला विचारून. हो की नको, तो सांगेल तसं.

खाली सही. आणखी काही नाही.

त्या दुसऱ्यांदा विचारत होत्या. डबा परत पुढं करत होत्या.

२६ एप्रिल

थोरल्या सिस्टरांकडं गेलो. ताईंचा नंबर मागितला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ती म्हणाली होती, खालच्या मुलानं विचारलं तर देऊ नका. त्याला त्रास नको." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काय बोललास रे तिला? आई आजारी असताना नातेवाईक म्हणायचे बसलीये घरी म्हणून. तेवढा एक शब्द तिला सोसत नाही."

 सात वर्षं आईला भरवत, धूत होत्या त्या. मी बसलेल्या म्हटलं. माझी आई घरी मांजराशी बोलते आणि मी इकडं फिरतोय, आणि बसलेल्या म्हणणारा मी.

निरोप द्या म्हटलं. "काय?" म्हणाल्या.  म्हटलं, सांगा की डासात खोट नव्हती. त्यांना काही कळलं नाही. सांगते म्हणाल्या. सांगितलं असेल की नाही कुणास ठाऊक.

३० एप्रिल, सोमवार

चिठ्ठी मामांना दिली. उशीर का झाला ते पण सांगितलं, दडवली होती म्हणून. मामांनी आधी मनात वाचली. मग म्हणाले, "इथं लिहिलंय, त्याला विचारून. हो की नको?"

म्हटलं, "हो."

"नक्की हो?"

"हो."

वाचली. मशीन चालू होतं तरी सगळं ऐकू आलं. पैलवानानं दात काढले नाहीत. नंतर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लेका, पहिली चांगली चिठ्ठी आली ती पण तू महिनाभर कव्हरात शिळी केलीस." हसले सगळे. मीही हसलो.

चिठ्ठ्या वरून खाली येतात. खालून वर जायची सोय नाही. मी कोपऱ्यात 'हो' लिहिलं आणि मामांनी ती फायलीत लावली.

६ मे, रविवार

आईचा फोन. पिल्लांचे डोळे उघडलेत. मग नेहमीचं, येऊ नकोस रे एवढ्यात, उगाच कशाला.

मी बरं म्हणणार होतो. जिभेवर होतं.

म्हटलं, "आई, हे नको कुठलं? मोजतानाचं की जेवतानाचं?"

"म्हणजे काय रे बाबा?"

"म्हणजे मी परत विचारतो. येऊ?"

 तिकडून मांजराचा आवाज आला. मग म्हणाली, "दीड वर्षात पहिल्यांदा दुसऱ्यांदा विचारलंस."

मग "ये," म्हणाली.

रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. मामा देतील. दिली नाही तर परत विचारीन. ताईंना विचारायचं राहिलं ते राहिलंच.